तीन रूळ, तीन सांधे आणि एक कोरा कागद

मेडिसिनच्या वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर 58 वर्षांचे एक काका पडून होते. तीन दिवसांपूर्वी पहाटे गोठ्यात जाताना एकाएकी सगळं गरगरलं, उलट्या झाल्या आणि ते डावीकडे कलंडले. तेव्हापासून आवाज बसला होता, उचकी थांबत नव्हती आणि पाणी प्यायलं की ठसका लागून नाकातून बाहेर येत होतं. डोक्याचा सीटी स्कॅन नॉर्मल आला होता. घरच्यांना वाटत होतं, पित्ताची चक्कर असावी. सांगण्यासारखी एक गोष्ट मात्र काकूंना अंग पुसताना कळली होती. "गरम पाण्याचं फडकं डाव्या पायाला लावलं की लगेच पाय ओढून घेतात. उजव्या पायाला लावलं, तर म्हणतात, गार पाण्यानं का पुसतेस?"

माझ्यासोबत पहिल्या वर्षाची चार मुलं होती. चौघांनाही स्पायनोथॅलॅमिक ट्रॅक्ट कुठून निघतो आणि कुठे पोचतो, ते तोंडपाठ होतं. तरीही काकूंच्या त्या वाक्याचा आणि आपल्या पाठांतराचा काही संबंध आहे, हे एकाच्याही लक्षात आलं नाही. चूक मुलांची नव्हती. पुस्तक एकेक मार्ग सुटा करून शिकवतं, आणि रुग्ण सगळे मार्ग एकदम घेऊन येतो. ही दरी बुजवण्यासाठी आम्ही चार आठवड्यांचा एक क्रम वापरतो. रोजची पन्नास मिनिटं, कोरे कागद आणि तीन रंगीत पेन्सिली एवढंच त्याला लागतं. वरच्या रुग्णाची हकिगत अशा अनेक रुग्णांवरून बेतलेली आहे. त्याच्याकडे तिसऱ्या आठवड्यात परत येऊ.

न्यूरॉलॉजीच्या धास्तीला वैद्यकीय शिक्षणात रीतसर नाव आहे. राल्फ जोझेफोविच या अमेरिकी न्यूरॉलॉजिस्टनी 1994 मध्ये तिला 'न्यूरोफोबिया' म्हटलं. मूलभूत विज्ञान शिकताना मिळालेली माहिती रुग्णाशी जोडता न येणं, हे त्यांनी त्यामागचं मोठं कारण सांगितलं होतं. म्हणून आमच्या क्रमाची सुरुवात आणि शेवट एकाच प्रश्नानं होतो : इजा कुठे आहे? काय झालंय, हा प्रश्न त्याच्यानंतरचा.

पहिला आठवडा : तीन रूळ

पुस्तकात मार्ग डझनावारी असतात. जागा शोधायला सुरुवातीला तीनच पुरतात. लाल पेन्सिलीनं कॉर्टिकोस्पायनल मार्ग काढायचा. हा मेंदूकडून हातापायांना हलण्याचा हुकूम नेतो. निळ्या पेन्सिलीनं मागच्या बाजूचा डॉर्सल कॉलम काढायचा. कंपन, आणि अंगठा वर आहे की खाली ही जाणीव तो मेंदूकडे नेतो. हिरव्या पेन्सिलीनं स्पायनोथॅलॅमिक मार्ग काढायचा. टोचणं, गरम आणि गार या जाणिवा त्याच्याकडे.

तिन्ही रूळ शरीराची एक बाजू सोडून दुसऱ्या बाजूला जातात, पण प्रत्येकाचा सांधा वेगळ्या ठिकाणी बदलतो. लाल रुळाचे बहुतेक तंतू मेड्युलाच्या अगदी खालच्या टोकाला बाजू बदलतात. निळा रूळ मज्जारज्जूतून आपल्याच बाजूनं वर चढतो, मेड्युलाच्या खालच्या भागातल्या आपल्या केंद्रापर्यंत पोचतो आणि तिथे बाजू बदलतो. हिरवा मात्र थांबत नाही. मज्जारज्जूत शिरल्यावर एकदोन स्तर चढतो न चढतो, तोच तो पलीकडे जातो.

पहिल्या आठवड्यात एवढंच करायचं. रोज कोऱ्या कागदावर पुस्तक न पाहता हे तीन रूळ काढायचे, सांध्यांवर गोल करायचा आणि मग पुस्तकाशी ताडून पाहायचं. बघून काढलेलं चित्र त्या दिवसाच्या हिशेबात धरायचं नाही. साधारण चौथ्या-पाचव्या दिवशी चित्र न अडखळता उतरू लागतं. उतरत नसेल, तर दुसऱ्या आठवड्याला हात लावायचा नाही.

चित्र कोणत्या दिशेनं काढायचं, हे पहिल्याच दिवशी ठरवून टाकावं. अ‍ॅनाटॉमीच्या बहुतेक पुस्तकांत ब्रेनस्टेमचा छेद पाठ वर आणि पोट खाली असा छापलेला असतो. एमआरआयच्या आडव्या छेदात पोटाकडची बाजू वर असते आणि रुग्णाचा डावा भाग आपल्या उजव्या हाताला येतो. वर्षभर पुस्तकाच्या दिशेनं शिकलेला मुलगा एमआरआय बघतो तेव्हा सगळं उलटंपालटं दिसतं आणि बाजू चुकते. तेव्हा पहिल्यापासून एमआरआयसारखंच चित्र काढा आणि कागदाच्या दोन्ही कडांना 'डा' आणि 'उ' ठळक लिहा.

हे तीन सांधे कळले, की हाती मोठं हत्यार येतं. मज्जारज्जूची एक बाजू कापली गेली तर लाल आणि निळ्याचं नुकसान त्याच बाजूला दिसतं आणि हिरव्याचं उलट्या बाजूला. ब्रेनस्टेममध्ये इजा झाली, तर धडाच्या बाबतीत तिन्ही रुळांचं नुकसान उलट्या बाजूला दिसतं, पण चेहऱ्याच्या आणि घशाच्या नसांचं त्याच बाजूला. मोठ्या मेंदूत इजा झाली, तर चेहरा आणि अंग दोन्ही उलट्या बाजूला. हे तीन नियम पाठ करायची गरज नाही. चित्रावर आडवी रेघ मारून बघितली, की ते आपोआप दिसतात.

दुसरा आठवडा : मज्जारज्जू

पहिली केस सोपी घ्यावी. 26 वर्षांच्या तरुणाला पाठीत डावीकडे चाकू लागला आहे. डाव्या पायात ताकद नाही. डावा अंगठा वर केला की खाली, ते त्याला सांगता येत नाही. उजव्या पायात ताकद आहे, पण टोचलेलं कळत नाही आणि ही बधिरता बेंबीपर्यंत आहे. हात आणि चेहरा ठीक.

कागदावर चार रकाने आखायचे : खूण, रूळ, बाजू, मजला. एका ओळीत एकच खूण. डाव्या पायाची अशक्तता म्हणजे लाल रूळ. चेहरा आणि हात ठीक आहेत, म्हणजे इजा मानेच्या खाली, लाल सांध्याच्याही खाली आहे. म्हणून बाजू डावी. अंगठ्याची जाणीव म्हणजे निळा, त्याचाही सांधा वर मेड्युलात, म्हणून बाजू डावीच. उजव्या पायाचं टोचणं म्हणजे हिरवा. तो शिरल्या शिरल्या पलीकडे गेलेला असतो, म्हणून बाजू पुन्हा डावी. तीन वेगवेगळ्या खुणांनी एकाच बाजूची साक्ष दिली.

मजला राहिला. बेंबीच्या पातळीची जाणीव दहावा थोरॅसिक स्तर सांभाळतो. उजवीकडून या स्तरात शिरलेला हिरवा तंतू पलीकडे जाईपर्यंत एकदोन स्तर वर चढलेला असतो. म्हणजे इजा डावीकडे, आठव्या-नवव्या थोरॅसिक स्तराजवळ शोधायची. मज्जारज्जूचा स्तर आणि पाठीचा मणका एकाच उंचीवर नसतात, स्तर मणक्याच्या वर असतो, हेही इथेच लिहून ठेवायचं. या खुणांचा मेळ मॉरिशसमध्ये जन्मलेल्या शार्ल ब्राउन-सेकार यांच्या नावानं ओळखला जातो. पण नाव रकाने भरून झाल्यावर लिहायचं, आधी नाही.

याच आठवड्यात वॉर्डात जाऊन तपासणी हातानं शिकावी, कारण खूणच चुकीची मिळाली तर पुढचा सगळा तर्क फुकट जातो. अंगठ्याची जाणीव तपासताना बहुतेक मुलं अंगठा वरून आणि खालून धरतात. मग रुग्णाला बोटाच्या दाबावरूनच दिशा कळते आणि तो बरोबर उत्तर देतो. अंगठा दोन्ही कडांनी धरायचा, आधी डोळे उघडे ठेवून दाखवायचं, मग म्हणायचं, "काका, आता डोळे मिटा. वर की खाली, एवढंच सांगा." टोचणी तपासताना "कळतंय का?" असं विचारू नये. स्पर्श कळला तरी रुग्ण "हो" म्हणतो. "टोकदार लागतंय की बोथट?" असं विचारावं. कंपनासाठी 128 हर्ट्झचा ट्यूनिंग फोर्क वापरावा. तोच गार करून लावला की तापमानाची जाणीवही तपासून होते.

तिसरा आठवडा : ब्रेनस्टेम

इथे मुलं गळपटतात, कारण बोटभर जागेत सगळं दाटलेलं आहे. ऑस्ट्रेलियातले न्यूरॉलॉजिस्ट पीटर गेट्स यांनी 2005 मध्ये 'चारचा नियम' मांडला, तो इथे कामी येतो. ब्रेनस्टेमच्या मध्यरेषेजवळ चार गोष्टी आहेत : लाल रूळ, बाजू बदलून आलेला निळा रूळ, दोन्ही डोळ्यांच्या हालचालींचा मेळ राखणारी जुडी, आणि तिसऱ्या, चौथ्या, सहाव्या, बाराव्या नसांची केंद्रं. कडेला आणखी चार : हिरवा रूळ, चेहऱ्याची जाणीव सांभाळणारं पाचव्या नसेचं केंद्र, छोट्या मेंदूशी जोडणारे तंतू आणि डोळ्याची बाहुली मोठी करणारा सिंपथेटिक मार्ग. मजला ओळखायला नसा आहेत. नववी ते बारावी मेड्युलाची, पाचवी ते आठवी पॉन्सची, तिसरी आणि चौथी मिडब्रेनची. म्हणजे कुठले रूळ बिघडले त्यावरून मध्य की कड ते कळतं, आणि कुठली नस बिघडली त्यावरून मजला.

आता कोपऱ्यातल्या खाटेकडे परत जाऊ. तपासणीत इतकं सापडलं. हातापायांत ताकद पुरेपूर. अंगठ्याची जाणीव शाबूत. उजव्या हातापायाला टोचलेलं बोथट लागतं, आणि चेहऱ्याला मात्र डावीकडे बोथट लागतं. डावी पापणी किंचित झुकलेली, डावी बाहुली बारीक. 'आ' म्हणायला लावलं की टाळूची डावी बाजू उचलत नाही आणि पडजीभ उजवीकडे ओढली जाते. डावं बोट नाकाला लावताना चुकतं. जीभ सरळ बाहेर येते. डोळे मिटणं, हसणं, ऐकणं ठीक.

मुलांनी कागद घेतला. पहिली ओळ आम्ही नेहमी बिघडलेल्या नाही, तर शाबूत गोष्टीची लिहितो. ताकद आहे, म्हणजे लाल रूळ वाचला. अंगठ्याची जाणीव आहे, म्हणजे निळा वाचला. जीभ सरळ आहे, म्हणजे बारावी नस वाचली. तिन्ही मध्यरेषेजवळच्या. म्हणजे मधला भाग सुटला आणि इजा कडेला आहे. अर्धं काम इथेच झालं.

दुसरी ओळ हिरव्या रुळाची. उजव्या अंगाला टोचलेलं कळत नाही. ब्रेनस्टेममध्ये पोचेपर्यंत हा रूळ केव्हाच पलीकडे गेलेला असतो, म्हणून बाजू डावी. काकूंच्या गरम फडक्याचं कोडं इथे सुटतं.

तिसरी ओळ चेहऱ्याची. बधिर अंग उजवं आणि बधिर गाल डावा, हे कसं? चेहऱ्याच्या जाणिवेचे तंतू पॉन्समध्ये शिरतात, आपल्याच बाजूनं मेड्युलातून खाली उतरतात आणि मग पलीकडे जातात. डाव्या मेड्युलाच्या कडेला घाव बसला, तर ते सांधा बदलण्याआधीच सापडतात. एकाच घावात शेजारी-शेजारी असलेले दोन रूळ तुटले : एक बाजू बदलून झालेला, दुसरा अजून बदलायचा असलेला. चेहरा एका बाजूचा आणि अंग दुसऱ्या बाजूचं बधिर, असा मेळ दिसला की मनात पहिलं नाव ब्रेनस्टेमचं यावं.

चौथी ओळ डाव्या पापणीची आणि बाहुलीची : सिंपथेटिक मार्ग, जो पलीकडे जात नाही. पाचवी डाव्या बोटाच्या नेम चुकण्याची : छोट्या मेंदूकडचे तंतू, त्याच बाजूचे. दोन्ही कडेचे, दोन्ही डावीकडचे.

आता मजला. टाळू आणि आवाज म्हणजे नववी-दहावी नस, म्हणजे मेड्युला. चेहऱ्याची हालचाल आणि ऐकणं ठीक, म्हणजे सातवी-आठवी वाचली, पॉन्स सुटला. उत्तर : मेड्युला, डावी कड.

यानंतरच 'काय' विचारायचं. क्षणात सुरू झालं, म्हणजे बहुधा रक्तवाहिनीचं दुखणं. या भागाला रक्त देणारी शाखा व्हर्टेब्रल धमनीतून निघते आणि बऱ्याचदा अडथळा मूळ व्हर्टेब्रल धमनीतच असतो. जर्मन डॉक्टर अडोल्फ वॉलेनबर्ग यांनी 1895 मध्ये असाच एक रुग्ण तपासून इजेची जागा सांगितली. पुढे 1901 मध्ये त्याच रुग्णाच्या शवविच्छेदनानंतर त्यांचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यांच्याजवळ स्कॅन नव्हता. होती ती टाचणी, आणि रूळ कुठे सांधा बदलतात याचं ज्ञान.

काकांच्या नॉर्मल सीटीनं गोंधळून जायचं कारण नव्हतं. कवटीच्या तळाच्या जाड हाडांमुळे सीटीवर हा भाग धूसर दिसतो आणि लहान इजा निसटते. एमआरआयमध्ये ती सहसा सापडते. पण अगदी पहिल्या तासांत ब्रेनस्टेमची बारीक इजा एमआरआयलाही हुलकावणी देऊ शकते. अशा वेळी कागदावरच्या उत्तराला जास्त वजन द्यावं लागतं. उपचारही त्यावर ठरतात. घशाची नस गेली आहे हे ओळखलं, की तोंडानं पाणी, चहा बंद करून गिळण्याची तपासणी करायची, नाहीतर तेच पाणी फुप्फुसात जाऊन न्यूमोनिया होतो.

एक खूण बदला

धोका असा, की ही केस सोडवल्यावर मुलं 'वॉलेनबर्ग' हे नाव आणि खुणांची यादी पाठ करतात. खरंच समजलं की नुसतं पाठ झालं, हे ओळखायला एक सोपी कसोटी आहे. तीच केस घ्यायची आणि खुणा बदलायच्या.

गिळणं ठीक, पण डावा चेहरा कपाळासकट लुळा आणि डाव्या कानानं ऐकू येत नाही. बाकी सगळं तसंच. कड तीच, बाजू तीच, मजला एक वर सरकला : पॉन्स. किंवा असं धरा : चेहरा आणि टोचणी ठीक, पण उजव्या हातापायांत ताकद नाही, उजव्या अंगठ्याची जाणीव नाही आणि जीभ बाहेर काढली की डावीकडे वळते. मजला पुन्हा मेड्युलाच, बाजू तीच, पण आता कड सुटली आणि मध्य सापडला. ज्या मुलानं नाव पाठ केलं तो इथे थांबतो. ज्यानं रकाने भरले तो दोन मिनिटांत उत्तर देतो. या आठवड्यात एका दिवशी एकच नवी केस घ्यावी, पण तिच्या निदान दोन बदललेल्या आवृत्त्या सोडवाव्यात. यासाठी हॅल ब्लूमेनफेल्ड यांचं 'न्यूरोअ‍ॅनाटॉमी थ्रू क्लिनिकल केसेस' हे पुस्तक वाचनालयातून जरूर आणावं. केस वाचून झाली की उत्तराचं पान झाकायचं.

चौथा आठवडा : मोठा मेंदू, आणि नियमांच्या मर्यादा

इथे नवं पाठांतर थोडं आहे. चेहरा, हात, पाय एकाच बाजूला सारखेच लुळे, पण बोलणं समजणं आणि नजरेचं क्षेत्र ठीक, तर खोलवरच्या इंटर्नल कॅप्सूलचा संशय घ्यावा. तिथे लाल रुळाचे सगळे तंतू एका जुडीत आवळलेले असतात. चेहरा आणि हात जास्त, पाय कमी, आणि त्यासोबत शब्द सापडत नाहीत, तर इजा वर कॉर्टेक्सला आहे. तिथे तेच तंतू पंख्यासारखे पसरलेले असतात, म्हणून पाय थोडक्यात वाचतो. या आठवड्यात सगळ्या मजल्यांच्या केसेस सरमिसळ करून सोडवायच्या. केस कुठल्या प्रकरणातली आहे हे आधी कळलं, तर निम्मं उत्तर फुटतंच.

पद्धत कुठे फसते, हेही माहीत हवं. आपण धरून चालतो, की सगळ्या खुणा एकाच इजेच्या आहेत. मल्टिपल स्क्लेरोसिससारख्या आजारात इजा अनेक असतात. अशा वेळी एखादी ओळ कितीही ओढली तरी बसत नाही. ती खोडू नका, तिच्यापुढे प्रश्नचिन्ह करा. लाल रुळाला झालेल्या इजेनं स्नायू ताठतात असं आपण शिकतो, पण अचानक झालेल्या मोठ्या इजेत पहिले काही दिवस ते ढिलेच असतात. कवटीतला दाब वाढला की सहावी नस जिथे गाठ नाही तिथेही लुळी पडते. आणि मेंदू एका बाजूनं ढकलला जाऊन मिडब्रेनची पलीकडची कड पडद्याच्या धारेवर दाबली गेली, तर अशक्तपणा चुकीच्या बाजूला येतो. कर्नोहन आणि वॉल्टमन यांनी 1929 मध्ये या दाबानं पडणारी खाच दाखवून दिली. हे अपवाद शेवटच्या आठवड्यातच शिकावेत. सांधे पक्के होण्याआधी ते वाचले, तर नियमच डळमळतो.

कोपऱ्यातल्या काकांचा एमआरआय दुसऱ्या दिवशी आला. मेड्युलाच्या कडेला, फिल्मवर आपल्या उजव्या हाताला, एक पांढरा ठिपका होता. चौघांनी आदल्या संध्याकाळीच कागदावर त्याच जागी फुली मारून ठेवली होती. माझं विद्यार्थ्यांना एवढंच सांगणं आहे : रुग्ण कोणताही असो, रिपोर्टचं पाकीट उघडण्याआधी कागदावर फुली मारा आणि खाली तारीख घाला. फुली चुकली, तर रकान्यांत मागे जाऊन पाहा. कुठला सांधा चुकीच्या जागी धरला होता, ते तिथेच सापडेल.